शंभर मीटरचा पेस आणि पंधराशे मीटरचा अंदाज

आमच्या सकाळी सहाच्या बॅचला एक काका येतात. वय बावन्न, पोहायला शिकले अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि आता बऱ्यापैकी फ्रीस्टाइल मारतात. गेल्या उन्हाळ्यात एकदा भिंतीला धरून धापा टाकत मला म्हणाले, "शंभर मीटर २ मिनिटं २ सेकंदांत झालं. म्हणजे पंधराशे साडेतीस मिनिटांत व्हायला हवं. बरोबर ना?"

गुणाकार बरोबर होता. मी म्हटलं, "रविवारी करून बघा." रविवारी त्यांना ४० मिनिटं २० सेकंद लागली, तीही दोनदा भिंतीला थांबून. पहिली दोनशे मीटर झकास गेली, सहाशेला हात शिशासारखे झाले, आणि हजारानंतर ते नुसतंच पाणी ढकलत होते.

ही गोष्ट सांगतोय, कारण नवीन पोहणाऱ्यांपैकी जवळपास सगळे इथेच अडखळतात. एका शंभराचा वेळ म्हणजे तुमचा पेस नव्हे. तो फक्त त्या एका शंभराचा वेळ. लांब अंतराचा अंदाज बांधायचा असेल तर दोन वेगवेगळ्या अंतरांचे वेळ लागतात, म्हणजे अंतर वाढलं की तुम्ही किती मंदावता हे कळतं. पंधराशे मीटरचा अंदाज कसा काढायचा ते पुढे काकांचेच आकडे घेऊन दाखवतो. त्यांनी परवानगी दिली आहे, फक्त "नाव नको" म्हणाले.

आधी तलाव मोजा

हसू नका. तुमचा तलाव २५ मीटरचा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? बहुतेकांना दुसऱ्या पोहणाऱ्याने सांगितलेलं असतं, आणि त्याला तिसऱ्याने. सोसायट्यांचे तलाव १५, १८, २० मीटर असे कसेही असतात. काही तलाव २५ यार्डांचे असतात, म्हणजे २२.८६ मीटर. अशा तलावात ६० लांब्या मारल्या तर तुम्ही १५०० नव्हे, १३७२ मीटर पोहलात. आणि तिथे "शंभर मीटर" म्हणून चार लांब्यांना २:२० लागत असतील, तर खऱ्या शंभराचा पेस २:३३ निघतो. तेरा सेकंदांचा फरक! मग दुसऱ्या तलावात गेल्यावर माणूस उगाच खचतो.

गवंड्याकडे असते तशी लांब मोजपट्टी घ्या, एक जण या टोकाला, एक त्या टोकाला, आणि काठावरून भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. एकदाच करायचं काम आहे. लांबी विचित्र निघाली तरी काही बिघडत नाही, हिशेबात तीच धरायची. मनगटावरच्या घड्याळातही तीच भरायची. पोहण्याच्या तलावात ते घड्याळ उपग्रहावरून अंतर मोजत नाही. तुम्ही वळलात की एक लांबी झाली असं धरतं आणि तुम्ही भरलेल्या आकड्याने गुणतं. आकडा चुकीचा भरलात तर पेसही चुकीचाच दिसणार.

शब्दांचाही एक घोळ आहे. कुणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतराला लॅप म्हणतं, कुणी जाऊन परत येण्याला. मी या लेखात "लांबी" म्हणेन, म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. २५ मीटरच्या तलावात १०० म्हणजे चार लांब्या आणि १५०० म्हणजे साठ.

चाचणी : आधी चारशे, मग दोनशे

पोहण्याच्या प्रशिक्षकांत ही चाचणी जुनी आणि रुळलेली आहे. एकाच दिवशी ४०० मीटर आणि २०० मीटर, दोन्ही पूर्ण जोर लावून. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. पूर्ण जोर म्हणजे खरंच पूर्ण.

सुरुवातीला १० ते १५ मिनिटं आरामात पोहून अंग मोकळं करा. शेवटी दोन-तीन वेळा २५ मीटर जरा जोरात मारा. मग पाण्यातूनच भिंतीला पाय लावून सुटा. काठावरून सूर मारायचा नाही, कारण सूर मारल्यावर दोनेक सेकंद फुकट मिळतात आणि ती दोनशेच्या वेळात जास्त मोठी दिसतात. दोन्ही वेळा सुरुवात सारखीच हवी.

चारशे आधी, कारण ते अवघड आहे आणि ताज्या दमाने व्हायला हवं. पहिली शंभर मुद्दाम आवरून घ्या. ज्या वेगाने "हे जरा हळूच चाललंय" असं वाटतं तो वेग साधारण बरोबर असतो. काठावर कुणी असेल तर दर शंभराचा वेळ लिहून घ्यायला सांगा. चारशे झालं की आठ-दहा मिनिटं हळूहळू तरंगत, पाठीवर पोहत घालवा. नुसतं भिंतीला टेकून उभं राहू नका, अंग गार पडतं. मग दोनशे.

ज्यांना चारशे सलग जमतच नाही, मध्ये थांबावंच लागतं, त्यांच्यासाठी ही चाचणी अजून नाही. आधी सलग चारशे जमवा, वेग कितीही असो. मग इथे या.

काकांचे आकडे असे आले:

४०० मीटर : ९ मिनिटं २० सेकंद
२०० मीटर : ४ मिनिटं २४ सेकंद

हिशेब सेकंदांत

आता एक सूचना. तिच्याकडे दुर्लक्ष केलंत तर पुढचं सगळं वाया जाईल. २:३० म्हणजे २ मिनिटं ३० सेकंद, २.३० मिनिटं नव्हेत. मी एका मुलाला कॅल्क्युलेटरवर २.३० गुणिले १५ करताना पाहिलंय. उत्तर आलं ३४.५, आणि तो खुशीत म्हणाला, "साडेचौतीस मिनिटं!" खरं उत्तर साडेसदतीस मिनिटं आहे. दीडशे सेकंद गुणिले पंधरा, म्हणजे २२५० सेकंद. म्हणून आधी सगळ्याचे सेकंद करा, हिशेब करा, आणि अगदी शेवटी मिनिटांत बदला.

काकांचे चारशे म्हणजे ५६० सेकंद, दोनशे म्हणजे २६४ सेकंद. चारशेत दर शंभराला १४० सेकंद (२:२०), दोनशेत दर शंभराला १३२ सेकंद (२:१२). आणि सुटं शंभर मारलं होतं तेव्हा २:०२. अंतर वाढलं की पेस कसा घसरतो ते इथेच दिसतं.

पहिली गोष्ट वजाबाकी. ५६० वजा २६४ म्हणजे २९६. त्याचे निम्मे १४८, म्हणजे २:२८. या आकड्याला "क्रिटिकल स्विम स्पीड" या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून "सीएसएस" म्हणतात. कुणी "थ्रेशोल्ड पेस" म्हणतं.

नुसती वजाबाकी का? दोनशे असो की चारशे, सुरुवातीला शरीर दम न लागता खर्च करता येतील अशी थोडी शिल्लक वापरतं. खिशातल्या सुट्या पैशांसारखी ती दोन्ही वेळा साधारण तेवढीच खर्च होते. चारशेच्या वेळातून दोनशेचा वेळ काढला की ती शिल्लक हिशेबातून उडते, आणि उरतं ते "वरचे दोनशे मीटर निव्वळ श्वासावर पोहायला किती वेळ लागला" हे उत्तर. काकांना त्या वरच्या दोनशे मीटरला २९६ सेकंद लागले. म्हणजे दर शंभराला १४८.

दोन अंदाज काढा, एक नको

आता पंधराशे. मी नेहमी दोन वेगळ्या रीतींनी काढतो आणि दोन्ही आकडे वहीत लिहितो.

पहिली रीत आशावादी. काकांनी चारशे ५६० सेकंदांत केलं. उरलेली अकराशे मीटर १४८ च्या पेसने गेली असं धरू. अकरा गुणिले १४८ म्हणजे १६२८. त्यात ५६० मिळवले की २१८८ सेकंद, म्हणजे ३६ मिनिटं २८ सेकंद. यापेक्षा जलद होणं जवळपास अशक्य, कारण या रीतीत थकवा धरलेलाच नाही. हा पेस अमर्याद टिकतो असं ती मानते. प्रत्यक्षात अर्ध्या तासानंतर खांदे थकतात, कोपर खाली पडायला लागतं, पाय बुडायला लागतात, आणि तोच जोर लावूनही वेग घटतो.

दुसरी रीत थोडी निराशावादी. दोनशेवरून चारशेला जाताना, म्हणजे अंतर दुप्पट झाल्यावर, काकांचा पेस १३२ वरून १४० झाला. वाढ सहा टक्के. प्रत्येक दुपटीला तेवढीच वाढ होईल असं धरा. आठशेला १४० चे सहा टक्के वाढून साधारण १४८. सोळाशेला आणखी सहा टक्के, म्हणजे १५७. पंधराशे हे सोळाशेच्या अगदी जवळ, म्हणून १५७ च धरू. गुणिले १५ केले की २३५५ सेकंद, ३९ मिनिटं १५ सेकंद.

म्हणजे काकांचं पंधराशे ३६:२८ आणि ३९:१५ यांच्या मध्ये कुठेतरी. मध्य काढला तर ३७:५० च्या आसपास. एवढ्या रुंद पट्ट्याने लोक नाराज होतात, त्यांना एकच आकडा हवा असतो. पण पावणेतीन मिनिटांचा पट्टा हा प्रामाणिक आहे. शंभरावरून काढलेला साडेतीस मिनिटांचा आकडा एकच होता आणि जवळपास दहा मिनिटांनी चुकला.

सहा टक्के हा आकडा काकांचा, तुमचा वेगळा असेल. तुलनेसाठी बघा : २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं ४०० मीटर फ्रीस्टाइल जर्मनीच्या लुकास मेर्टेन्सने ३:४१.७८ मध्ये जिंकलं, म्हणजे दर शंभराला साधारण ५५.४ सेकंद. तिथेच १५०० मीटर अमेरिकेच्या बॉबी फिंकेने १४:३०.६७ मध्ये जिंकलं, दर शंभराला ५८.०. माणसं दोन वेगळी, तरी कल्पना येते. अंतर जवळपास चौपट होऊन पेस पाच टक्क्यांनीही घसरला नाही, म्हणजे दुपटीमागे जेमतेम अडीच टक्के. आपल्यासारख्यांचा आकडा पाच ते सात आला तर गैर काही नाही. दहाच्या वर गेला तर मला शंका येते की चारशेची सुरुवात फार जोरात झाली. दर शंभराचे वेळ लिहिले असतील तर ते लगेच दिसतं. पहिलं २:०५ आणि शेवटचं २:३५ असेल तर ती चाचणी रद्द समजा आणि आठवड्याने पुन्हा करा. उलट आकडा एक-दोन टक्के आला, तर बहुधा दोनशेला तुम्ही दमलेले होता किंवा पुरता जोर लावला नाही. त्या आकड्यावरून काढलेलं पंधराशे फारच गोड दिसेल. विश्वास ठेवू नका.

पट्ट्यात तुम्ही कुठे?

याचं उत्तर कागदावर मिळत नाही, पाण्यात मिळतं. चाचणीनंतर तीन-चार दिवसांनी दहा वेळा शंभर मीटर पोहा, प्रत्येक शंभरानंतर फक्त १५ सेकंद विश्रांती. पेस तोच, वजाबाकीतून आलेला. काकांसाठी २:२८.

दहाही शंभर दोन-तीन सेकंदांच्या आत बसली आणि शेवटी "अजून दोन मारू शकलो असतो" असं वाटलं, तर तुम्ही पट्ट्याच्या जलद बाजूला आहात. सहाव्या-सातव्यालाच घसरण सुरू झाली, तर हळू बाजूला.

काकांची पहिली सहा २:२७ ते २:२९ मध्ये गेली. सातवं २:३१, आठवं २:३३, दहावं २:३६. मी काठावर बसून हाताचे फटकेही मोजत होतो. सुरुवातीला एका लांबीला २४ लागत होते, शेवटी २९. म्हणजे दम संपला नव्हता, पाण्यावरची पकड सुटत होती. हात फिरत होते, पण पाणी मागे जात नव्हतं. हे मोजायला अगदी सोपं आहे आणि थकवा कुठून येतोय ते लगेच कळतं. फटके तेवढेच राहून वेळ वाढला तर हात मंदावलेत. फटके वाढून वेळही वाढला तर शैली मोडतेय.

म्हणून आम्ही मध्यापेक्षा जरा हळू बाजूचा पेस ठरवला. दर शंभराला २:३३. पंधराशेचा अंदाज ३८:१५.

भिंतीवर जाणारा वेळ

इथे एक गोष्ट राहून जाते आणि तीच बऱ्याचदा अंदाज बिघडवते. २५ मीटरच्या तलावात पंधराशेला ५९ टर्न येतात. नवीन पोहणारा प्रत्येक टर्नला भिंत धरतो, डोकं वर काढतो, एक जास्तीचा श्वास घेतो, मग सुटतो. हे दोन सेकंद कुणालाच जाणवत नाहीत. पण ५९ गुणिले दोन म्हणजे ११८ सेकंद, जवळपास दोन मिनिटं!

थांबूच नका असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच की चाचणीत जसा टर्न घ्याल तसाच पंधराशेतही घ्या. चाचणीत चपळाईने वळलात आणि पंधराशेत भिंतीला टेकून गॉगल पुसत बसलात, तर अंदाज चुकणारच.

५० मीटरच्या तलावाचं उलट आहे. तिथे २९ च टर्न. ज्यांची भिंतीवरची लाथ जोरकस आहे त्यांना हे महाग पडतं, कारण प्रत्येक लाथेने मिळणारा फुकटचा वेग निम्मा होतो. ज्यांची लाथ पोकळ आहे आणि भिंतीवर वेळ जातो, त्यांना फारसा फरक जाणवत नाही. २५ मध्ये चाचणी घेऊन दादरच्या महात्मा गांधी तलावासारख्या ५० मीटरच्या तलावात पंधराशे पोहायचं असेल, तर तिथेही एकदा चाचणी घ्या. गुणाकाराने तलाव बदलता येत नाही.

पंधराशेचा दिवस

२:३३ चा पेस म्हणजे एका लांबीला साधारण ३८ सेकंद. हे डोक्यात ठेवायची गरज नाही, शंभराचे टप्पे पुरेत. आम्ही एका जुन्या पाटीवर खडूने लिहून भिंतीजवळ ठेवले होते : ४०० ला १०:१२, ८०० ला २०:२४, १२०० ला ३०:३६, १५०० ला ३८:१५. एवढे चारच. जास्त आकडे असले की माणूस पोहायचं सोडून हिशेब करत बसतो.

पहिलं शंभर हळू वाटणारच. काकांना २:३३ म्हणजे चेष्टा वाटली. "यापेक्षा चालत जाईन!" त्यांना मी आठवण करून दिली की चारशेला त्यांचा स्वतःचा सर्वोत्तम पेस २:२० होता. म्हणजे २:३३ हा चारशेपेक्षा तेरा सेकंदांनी हळू, आणि अकराशे मीटर अजून बाकी. पहिल्या तीनशेत वाचवलेला वेळ शेवटच्या पाचशेत दुपटीने परत द्यावा लागतो, हे त्यांनी त्या रविवारी अनुभवलंच होतं.

मोजणी चुकते ही सगळ्यांचीच तक्रार. साठपर्यंत मोजू नका, चार-चार लांब्यांचं एक शंभर धरा आणि पंधरापर्यंत मोजा. काठावरचा माणूस किंवा घड्याळ दर शंभराचा वेळ नोंदवत असेल, तर चूक पकडायची युक्ती सोपी आहे. सगळी शंभर २:३० ते २:३६ असताना मध्येच एक १:५५ आलं, तर तुम्ही उसेन बोल्ट झालेला नाहीत, एक लांबी कमी मारलीत. ३:११ आलं तर एक जास्त. फरक बरोबर एका लांबीएवढा, ३८ सेकंदांचा असेल तर मोजणीची चूक, त्यापेक्षा वेगळा असेल तर खरंच काहीतरी झालं.

घड्याळ वापरणाऱ्यांनी शेवटी आणखी एक बघायचं. बरीच घड्याळं सरासरी पेस दाखवताना विश्रांती वगळतात. दोनदा थांबून ४०:२० लागलेल्या त्या रविवारी काकांचं घड्याळ म्हणत होतं २:३५. एकूण वेळ भागिले पंधरा केलं तर आकडा येतो २:४१. पुढच्या अंदाजासाठी नेहमी भिंतीवरच्या घड्याळाचा, सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळच वापरा.

चाचणीनंतर साधारण चार आठवड्यांनी काका पुन्हा पंधराशेला उतरले. ४०० ला १०:१०, ८०० ला २०:२५, १२०० ला ३०:४४. आठ सेकंद मागे होते. शेवटच्या तीनशेत मात्र जोर काढला आणि ३८:१२ ला भिंत पकडली.

हे कुठपर्यंत चालतं

चारशेवरून पंधराशे, फार तर दोन हजार, एवढंच. तीन-चार हजाराला खाणं, पाणी, पायात गोळे येणं या गोष्टी मध्ये येतात आणि दुपटीची टक्केवारी बदलते. तिथे आधी दोन हजाराचा खरा वेळ घ्या आणि तिथून पुढे अंदाज बांधा.

चाचणी सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा घ्या. नवीन पोहणाऱ्याचा वेग एवढ्यात बदलतो. जुना आकडा घेऊन बसलात तर कारण नसताना हळू पोहाल. चाचणी गर्दीच्या वेळी घेऊ नका. मे महिन्यात सुट्टीच्या बॅचला लेनमध्ये सहा मुलं असतात आणि प्रत्येक लांबीला कुणाला तरी वळसा घालावा लागतो.

आणि समुद्राचा अंदाज यावरून काढू नका. गोव्याच्या ट्रायथलॉनची १.९ किलोमीटर डोळ्यांसमोर ठेवून बरेच जण माझ्याकडे तलावातला पेस घेऊन येतात. तिथे भिंत नाही, म्हणजे टर्नही नाहीत. दिशा बघायला दर काही फटक्यांनी डोकं वर काढावं लागतं, आणि लाटा व प्रवाह तुमच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्यांना विचारत नाहीत. काकांनीही परवा विचारलं. मी म्हटलं, आधी समुद्रात एकदा पाचशे मीटर पोहून या, मग बघू.